शून्य पॉइंट आठ अधिक शून्य पॉइंट सहा बरोबर एक

(नागपुरात उन्हाळ्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे आणि तरी तुम्ही एवढे जण आलात, तेही फेजर ऐकायला, म्हणजे तुम्ही आधीच माझ्या बाजूचे आहात असं मी धरून चालतो. मागे जो कूलर चालू आहे ना, तो कृपा करून बंद करू नका, आवाज आला तरी चालेल. आजचं व्याख्यान खरं तर त्याच्यावरच आहे.

विषय पत्रिकेत छापलाय "फेजर आणि कॉम्प्लेक्स नंबर वापरून एसी सर्किट झटपट कसं सोडवायचं". ते मी करणारच आहे. पण आधी तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, कारण मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकला हा विषय शिकवला आणि तो नीट सांगायचा कसा हे मला त्या मे महिन्यात आमच्या अंगणातल्या खिडकीशी उभं राहून कळलं.

नवतपा सुरू होता. कूलरला नवीन ताट्या लावलेल्या, पाणी भरपूर, पंप व्यवस्थित, आणि पंखा मात्र ढिम्म. म्हणजे फिरत होता पण असा, की पात्या मोजून घ्याव्या. हे लक्षण तुम्हां सगळ्यांना माहीत आहे, नागपुरात लहान पोरालाही माहीत आहे, कंडेन्सर गेला. शेजारच्या गल्लीतून एक मिस्त्री आला, त्यानं पाच मिनिटांत जुना कंडेन्सर काढला, झोळीतून दुसरा काढून लावला, पंखा सुसाट. पैसे घेतले, गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी तेल जळल्यासारखा वास आला, मी झाकण उघडून पाहतो तर कंडेन्सर भाकरीसारखा फुगलेला. त्यावर लिहिलेलं होतं ५ मायक्रोफॅरड, म्हणजे आकडा बरोबर. पण खाली बारीक अक्षरात २५० व्होल्ट. जुन्यावर ४४० होतं.

मी त्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, आपल्याकडे लाईनच दोनशे तीसची येते, अडीचशेचा कंडेन्सर कसा काय उडंल? माल खराब निघाला असंल." आता त्याचा तर्क पाहा, तर्कात काही चूक दिसत नाही. घरात २३० पेक्षा जास्त व्होल्टेज कुठंच नाही, मग ४४० चा कंडेन्सर कशाला पाहिजे? हा प्रश्न मी कित्येक इंजिनिअरांना नंतर विचारला. बहुतेक जण म्हणाले, "सेफ्टीसाठी देत असतील." एक म्हणाला, पीक व्होल्टेज ३२५ असतं म्हणून. पीकची गोष्ट खरी आहे, पण कंडेन्सरवर जे ४४० एसी लिहितात ते आरएमएसच असतं, म्हणजे लाईनचे २३० ज्या मापानं सांगतात तेच माप, पीक नव्हे, तेव्हा ते उत्तर नाही. उत्तर असं आहे की त्या कंडेन्सरवर खरोखरच ३८० च्या वर व्होल्ट येतात. दोनशे तीसच्या लाईनवर. मीटर लावून दिसतात. ते कुठून येतात हे कळलं की फेजर कळला.

मग मी ४४० वाला आणला आणि यावेळी आमच्या ओळखीच्या एका तरुण इलेक्ट्रिशियनला बोलावलं, हुशार पोरगा, आयटीआय केलेला, हातात टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता जबड्यात धरून करंट मोजायचं मीटर. कूलरच्या मोटरीतून वायरी कशा निघतात ते आठवा: एक कॉमन, एक रनिंग वायंडिंगची, एक स्टार्टिंग वायंडिंगची, आणि ती स्टार्टिंगवाली कंडेन्सरमधून जाऊन रनिंगच्या वायरीलाच लाईनवर मिळते. म्हणजे लाईनमधून एक करंट येतो आणि त्याचे दोन फाटे होतात. मी त्याला म्हटलं, बाबू, तिन्ही ठिकाणी करंट मोज. एवढ्याशा करंटला टाँग टेस्टर नीट वाचत नाही, एक अँपिअरच्या खाली तर शेवटच्या आकड्यावर भरवसाच नाही, म्हणून आम्ही एक युक्ती केली: वायरीचा जादा तुकडा जोडून जबड्यातून दहा वेढे घातले आणि रीडिंगला दहानं भागलं. ही युक्ती लिहून घ्या, कामाची आहे.

आकडे आले. रनिंगमध्ये ०.८ अँपिअर. स्टार्टिंगमध्ये, म्हणजे कंडेन्सरच्या फाट्यात, ०.६. आणि लाईनमध्ये?

(सभागृहातून: १.४)

हो ना, त्यालाही तेच वाटलं. १.४ यायला पाहिजे. आला १.०. त्यानं वेढे मोजले, परत लावले. परत १.०. मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, मीटर खोटं बोलून राहिलं."

मीटर खोटं बोलत नव्हतं. पण ते अर्धंच बोलत होतं, आणि ही माझी आजची मुख्य गोष्ट आहे. मीटर करंट किती एवढंच सांगतं, केव्हा ते सांगत नाही. एसीमध्ये करंट सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होतो, आणि दोन फाट्यांतले करंट एकाच वेळी वर जात नसतील तर एकाचा उंचावटा दुसऱ्याच्या उताराशी मिळतो. बेरीज करायची ती प्रत्येक क्षणाची करावी लागते. आणि मीटर तर क्षण फेकून देऊन फक्त माप हातात ठेवतं.

आता इथं माझी जुनी तक्रार. ही बेरीज आपण पोरांना कशी शिकवतो? फळ्यावर साइन ओमेगा टी वजा अमुक अधिक साइन ओमेगा टी अधिक तमुक लिहायचं, मग साइन ए अधिक बी चं सूत्र, मग विस्तार, मग एकत्र करायचं, मग टॅन इन्व्हर्स. दोन फळे भरतात. पोरगं उत्तर काढतं, दहापैकी आठ मार्क घेतं, आणि कूलरच्या वायरीत ०.८ नि ०.६ चे १.० का होतात हे विचारलं तर मीटर खराब म्हणतं. आणि त्यानंतर दुसऱ्या सेमिस्टरला आपण त्याला सांगतो की आता एक काल्पनिक संख्या येणार आहे. काल्पनिक! बाप्पा, त्या एका शब्दानं किती पोरं घालवली असतील. पोरगं म्हणतं, जे नाहीच त्याचा कूलरशी काय संबंध, पाठ करून टाकू. मी स्वतः पहिली दहा वर्षं असंच शिकवलं आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

त्या दिवशी मी काय केलं, नातीची कंपासपेटी मागून आणली, अंगणातल्या टेबलावर ग्राफ पेपर पसरला. त्या पोराला विचारलं, जत्रेतला आकाशपाळणा पाहिला आहेस ना. एकाच पाळण्याच्या दोन खुर्च्या घे. चाक फिरतं तशी प्रत्येक खुर्चीची चाकाच्या मध्यापासूनची उंची वर-खाली होते, ती उंची म्हणजे तुझा करंट. दोन्ही खुर्च्या एकाच चाकाला पक्क्या ठोकलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यातला कोन कधीच बदलत नाही, चाक कितीही फिरो. आता दोघांच्या उंचीची बेरीज पाहिजे असेल तर चाकाच्या मध्यापासून या खुर्चीपर्यंत एक बाण, त्या खुर्चीपर्यंत एक बाण, दुसरा बाण उचलून पहिल्याच्या टोकाला लाव, जिथं पोहोचशील तिथं तिसरी खुर्ची ठोक. या तिसऱ्या खुर्चीची उंची कुठल्याही क्षणी पहिल्या दोघांच्या बेरजेइतकीच असणार, कारण उंची मध्यापासून मोजली तर बाणांच्या उंच्या सरळ मिळतात. मग चाक फिरवत बसायचं कशाला? थांबव. फोटो काढ. त्या थांबलेल्या फोटोतला बाण म्हणजे फेजर. बस, एवढंच.

यात एक अट लपलेली आहे, ती आताच सांगून ठेवतो कारण शेवटी लागणार आहे: दोन्ही खुर्च्या एकाच चाकावर पाहिजेत. पन्नास हर्ट्झ नि दीडशे हर्ट्झ म्हणजे दोन वेगळी चाकं, त्यांच्यातला कोन क्षणाक्षणाला बदलतो, तिथं फोटो काढून काही हाती लागत नाही. आणि दुसरी अट, चाक एकसारखं फिरत असलं पाहिजे. बटण दाबल्यावर पंखा वेग धरतो त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत हे चित्र चालत नाही.

तर ग्राफ पेपर. एक अँपिअर म्हणजे दहा सेंटिमीटर. लाईनचा करंट १.०, म्हणून दहा सेंटिमीटरची रेघ. तिच्या एका टोकावर कंपास ठेवून ८ चा कंस, दुसऱ्या टोकावरून ६ चा कंस. जिथं छेदतात तिथं बिंदू, दोन्ही टोकांना जोडलं. मी काही बोललो नाही, त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याचे वडील गवंडी. तो म्हणाला, "काका हे तर गुण्यात आहे." तीन-चार-पाचचा त्रिकोण, भिंतीचा काटकोन धरायला गवंडी दोरीनं जो करतात तोच. म्हणजे रनिंगचा करंट आणि स्टार्टिंगचा करंट यांच्यात नव्वद अंश. ऑसिलोस्कोप नाही, वॉटमीटर नाही, तीन रीडिंग आणि कंपास.

आता इथं थोडं थांबतो, कारण इथं बरेच लोक चुकतात. त्रिकोणाच्या आतला कोन म्हणजे दोन करंटमधला कोन नव्हे. बाण टोकाला शेपूट असे जोडलेले आहेत, म्हणून दोघांतला खरा कोन म्हणजे १८० वजा आतला कोन. इथं नव्वदच होता म्हणून फरक पडला नाही, पण आतला ११० आला तर खरा ७० असतो. दुसरं, त्रिकोण फार चपटा असेल, म्हणजे ०.८ आणि ०.६ मिळून १.३९ वगैरे, तर रीडिंगमधली बारीकशी चूक कोनात कितीतरी अंशांची होते, तेव्हा तिथं या पद्धतीवर विसंबू नये.

हे नव्वद अंश योगायोगानं आलेले नाहीत बरं का. मोटर बनवणारा त्याच्याच मागे असतो. दोन वायंडिंग लोखंडात एकमेकांशी काटकोनात बसवलेली असतात, ही झाली जागेतली नव्वद. आणि दोघांतले करंट वेळेत नव्वदनं मागेपुढे असले की चुंबकीय क्षेत्र गोल फिरायला लागतं, आणि रोटर त्याच्यामागे धावतो. एका फेजच्या लाईनमधून दुसरी फेज तयार करायचं काम तो शंभर-दीडशे रुपयांचा डबा करत असतो. तो पार मेला की क्षेत्र नुसतं जागच्या जागी मागेपुढे होतं, मोटर घूं करते पण निघत नाही. मग आपल्याकडचे लोक जाळीतून काडी घालून पात्याला धक्का देतात आणि ती चालू लागते. चालू लागते हे खरं आहे, कारण एकदा फिरायला लागल्यावर रोटर स्वतःच थोडा हातभार लावतो, पण ते करू नका, बोट जातं. शिवाय न निघालेली मोटर लाईनला तशीच राहिली तर वायंडिंग जळतं.

असो. माझा पोरगा, म्हणजे तो इलेक्ट्रिशियन, आता खुशीत आला होता, म्हणाला व्होल्टेजचंही करू. मीच त्याला थांबवून सांगितलं की कंडेन्सरच्या टोकांवर हात जपून, रबरी चपला घाल, मीटरची रेंज ७५० वर ठेव. आणि लाईन बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो, त्याला रेझिस्टन्सनं किंवा जुन्या बल्बनं रिकामा करायचा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय मोडा, कंडेन्सरही खराब होतो नि डोळाही जाऊ शकतो. पंखा फुल स्पीडवर ठेवून मोजलं: लाईन २३०. कंडेन्सरवर ३८२. स्टार्टिंग वायंडिंगवर ३०६.

तीनशे ब्याऐंशी! तो मागे सरकला. कंडेन्सर आणि स्टार्टिंग वायंडिंग सिरीजमध्ये, दोघं मिळून लाईनवर, आणि ३८२ अधिक ३०६ म्हणजे जवळजवळ सातशे. दोनशे तीसमधून. मी म्हटलं कंपास घे.

वीस व्होल्टला एक सेंटिमीटर घेतलं. २३० ची साडेअकरा सेंटिमीटर आडवी रेघ, डाव्या टोकावरून १९.१ चा कंस, उजव्या टोकावरून १५.३ चा. आणि पुन्हा काटकोन, यावेळी उजव्या टोकाला. पडताळा करा वाटलं तर, २३० चा वर्ग अधिक ३०६ चा वर्ग, मूळ काढलं की ३८२.८. म्हणजे वायंडिंगचं व्होल्टेज लाईनशी नव्वदमध्ये उभं आहे, आणि कंडेन्सरचं व्होल्टेज हा त्या त्रिकोणाचा कर्ण आहे. कर्ण नेहमी बाजूपेक्षा मोठाच, मग ३८२ मध्ये जादू कसली. फुगलेला २५० चा कंडेन्सर तीन दिवस कर्ण सहन करत बसला होता, बिचारा.

(अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी दिली.)

दहा मिनिटं राहिली म्हणतात, आणि पत्रिकेत छापलेला कॉम्प्लेक्स नंबर अजून यायचाय. तर आता मी पळतो, तुम्ही धरून बसा.

जे, म्हणजे इंग्रजी अक्षर j, हे काय आहे. जे म्हणजे बाणाला डावीकडे पाव चक्कर द्या, असा हुकूम. एवढंच. एकदा दिला की आडवा बाण उभा होतो. दोनदा दिला की उलटा होतो, उलटा म्हणजे वजा एक. जे गुणिले जे बरोबर वजा एक, झालं, यात काल्पनिक काय आहे? गणितवाले आय लिहितात, आपण जे, कारण आय आपल्याकडे करंटला वापरून बसलो. आणि पाव चक्करच का, तर कॉइल आणि कंडेन्सर दोघंही पाव चक्करच देतात: कंडेन्सरमध्ये करंट व्होल्टेजच्या नव्वद पुढे, शुद्ध कॉइलमध्ये नव्वद मागे. म्हणून रेझिस्टन्सला साधा आकडा, कॉइलला जे सहित, कंडेन्सरला वजा जे सहित, आणि मग ओमचा नियम जसा डीसीला तसाच एसीला. ही गोष्ट १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ या माणसानं मांडली. त्याआधी एसीच्या हिशेबाला कॅल्क्युलस लागायचं, त्यानंतर बेरीज-गुणाकारावर भागलं. त्याच्यावर एक वेगळं व्याख्यान मला द्यायचं आहे, आज नाही.

आता आपल्या मोटरीचे कोन. लाईनचं व्होल्टेज आडवं ठेवा, शून्य अंश. व्होल्टेजच्या त्रिकोणात लाईन आणि कंडेन्सर यांच्यातला कोन, २३० भागिले ३८२ म्हणजे ०.६, त्याचा कोन ५३ अंश. हे दोन्ही बाण एकाच बिंदूतून निघतात म्हणून इथं आतलाच कोन खरा. पण ५३ वर की ५३ खाली? कंपासला दोन्ही सारखेच, त्रिकोण वर काढला काय नि खाली काढला काय. इथं डोकं लावावं लागतं: कंडेन्सरचा करंट त्याच्या व्होल्टेजच्या नव्वद पुढे असतो. व्होल्टेज ५३ वर असेल तर करंट १४३ वर जाईल, म्हणजे लाईनच्या उलट्या बाजूला, म्हणजे स्टार्टिंगचा फाटा लाईनला वीज परत देतो आहे असं होईल. चालत्या कूलरचं हे वायंडिंग असं करणार नाही. म्हणून कंडेन्सरचं व्होल्टेज ५३ खाली, आणि करंट वजा ५३ अधिक ९० बरोबर ३७ वर. स्टार्टिंगचा करंट ३७ अंश पुढे. रनिंगचा त्याच्याशी नव्वदमध्ये, आणि तोही वीज घेणाराच, म्हणून ५३ अंश मागे. लिहा, आधी बाणाची लांबी नि कोन, मग त्याचा आडवा भाग आणि जे लावून उभा भाग, हाच तो कॉम्प्लेक्स नंबर:

रनिंग: 0.8 ∠−53° = 0.48 − j0.64

स्टार्टिंग: 0.6 ∠37° = 0.48 + j0.36

बेरीज: 0.96 − j0.28

आडवं आडव्यात, उभं उभ्यात, हिशेब संपला. मागे दोन फळे लागले होते ते हे तीन ओळींत. ०.९६ चा वर्ग अधिक ०.२८ चा वर्ग बरोबर बरोब्बर एक, म्हणजे टाँग टेस्टरचा १.०. आणि यात फुकट काय मिळालं ते पाहा. आडवा भाग ०.९६ तोच तेवढा वीज खातो, म्हणून २३० गुणिले ०.९६, सुमारे २२१ वॉट. दहा तासांत २.२ युनिट. ०.८ आणि ०.६ सरळ मिळवून २३० नं गुणलं असतं तर ३२२ वॉट आले असते, आणि मग बिल नि हिशेब जुळत नाही म्हणून तुम्ही घरातल्या मीटरवर संशय घेतला असता. वॉटमीटर न लावता वॉट निघाले, सहा रीडिंगमधून.

अजून एक, रनिंगचं उभं वजा ०.६४, स्टार्टिंगचं अधिक ०.३६. विरुद्ध खुणा. म्हणजे कंडेन्सर फेज पाडायचं काम करता करता रनिंगनं मागितलेला निरुपयोगी करंट निम्म्याहून जास्त इथंच भागवतो, लाईनपर्यंत जाऊ देत नाही. जे नसतं तर हे दिसलंच नसतं.

आणि कंडेन्सर थकला आहे का हे काढायचं असेल तर त्याला उतरवायचीही गरज नाही. पन्नास हर्ट्झला:

C = 3183 × I / V

सी मायक्रोफॅरडमध्ये, आय आणि व्ही कंडेन्सरचेच. आपले आकडे टाका, ३१८३ गुणिले ०.६ भागिले ३८२, पाच. बरोबर पाच, डब्यावर लिहिल्याइतका. माझ्या जुन्या कंडेन्सरवर मी नंतर हीच परीक्षा केली, त्याच मोटरीवर, आणि पाचच्या जागी तीनच्याही खाली आला. तो मेलेला नव्हता, अर्धा झाला होता, म्हणून पंखा फिरत होता पण पात्या मोजता येत होत्या. आणि अशा वेळी करंटचा त्रिकोण काढला तर तो गुण्यात राहत नाही, आणि तीच त्याची खूण. मात्र त्याच मोटरीवर, त्याच स्पीडवर ताडून पाहा. वायंडिंगचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा एकूण अडथळा, मोटरीच्या वेगाबरोबर बदलतो, म्हणून फुल स्पीडचे आकडे लो स्पीडला लावू नका, आणि माझ्या कूलरचे आकडे तुमच्या कूलरला तर नकोच.

एक प्रश्न घेतो, शेवटचा. हं, ताई, बोला.

(प्रश्न: लाईन गेल्यावर कूलर इन्व्हर्टरवर असताना हे मोजलं तर?)

फार चांगला प्रश्न आणला. शुद्ध साइन वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर चालतं. पण चौकोनी वेव्हवाला जुना असेल तर नाही, आणि कारण ते आकाशपाळण्याचं आहे. चौकोनी वेव्हमध्ये पन्नासच्या चाकासोबत दीडशेचं, अडीचशेचं अशी बरीच चाकं एकदम फिरत असतात. कंडेन्सर दीडशे हर्ट्झला एकतृतीयांशच अडवतो, त्यामुळे त्यातून नको तो करंट जास्त वाहतो, मोटर घरघरते, गरम होते, ते तुम्ही ऐकलं असेल. वर साधा टाँग टेस्टर साइन वेव्ह गृहीत धरून आकडा दाखवतो, तेव्हा तो आकडाही चुकीचा. तुम्ही कंपास घेऊन बसाल तर कधी कंस एकमेकांना छेदणार नाहीत, कधी छेदतील पण काढलेले वॉट खरे नसतील. त्यामुळे तिन्ही करंट, तिन्ही व्होल्टेज, सगळं लाईन असताना घ्या, आणि शक्यतो सकाळी, तर्री पोहे खाऊन झाल्यावर, दुपारी व्होल्टेज पडायच्या आत, म्हणजे सहाही रीडिंग एकाच २३० वर येतील.